दोरीवरचा टॉवेल काय सांगतो

गेल्या मे महिन्यात नागपूरची आत्या आमच्याकडे ठाण्याला आठ दिवस राहायला आली. ती निघाली तेव्हा तिकडे 44 अंश होते, इथे उतरली तेव्हा 34. दहा अंश कमी म्हणून ती खूश होती. संध्याकाळी चारच्या सुमारास आम्ही भाजी आणायला निघालो. आत्याने तिकडच्या सवयीने पूर्ण बाह्यांचा, अस्तर लावलेला सुती कुर्ता घातला आणि डोक्यातोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळला. वीस मिनिटांत ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. कुर्ता पाठीला चिकटला होता, दुपट्टा पिळून काढावा इतका ओला झाला होता.

"काहून रे, इथं तर चौतीसच आहे ना? तिकडं पंचेचाळिसात मी गांधीबागेत हिंडते, असं कधी झालं नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे उत्तर तिनेच शोधले, फक्त तिला ते कळले नाही. बाल्कनीत जाऊन तिने रात्री वाळत टाकलेला टॉवेल चाचपला आणि नाक मुरडले. "अजून दमटच! आमच्याकडं तासाभरात पापड होतो याचा."

ठाण्यात टॉवेल वाळत नाही आणि ठाण्यात आत्याला गुदमरायला होते, या दोन गोष्टींचे कारण एकच आहे. उन्हाळ्यात आपली त्वचा म्हणजे दोरीवरचा ओला टॉवेलच असते. टॉवेल जितक्या भराभर वाळतो, तितक्या भराभर आपण निवतो. टॉवेल किती भराभर वाळेल हे तापमानाच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी हवेत आधीच किती पाणी आहे, ते पाहावे लागते.

टक्केवारीचा घोटाळा

हवेतले पाणी म्हटले की आपण आर्द्रतेची टक्केवारी पाहतो. तिथेच पहिली फसगत होते. मे महिन्यातला मुंबईचा एक साधारण दिवस घेऊ. पहाटे तापमान 27 अंश, आर्द्रता 94 टक्के. दुपारी तापमान 34 अंश, आर्द्रता 63 टक्के. आकड्यांकडे पाहून वाटते, चला, दुपारपर्यंत हवा बरीच कोरडी झाली. प्रत्यक्षात हवेतले पाणी जवळपास तेवढेच आहे. बदलली आहे ती हवेची धारणशक्ती. गरम हवेत जास्त बाष्प मावू शकते, त्यामुळे तेच पाणी दुपारी मोठ्या भांड्यात ओतल्यासारखे होते आणि भांडे कमी भरलेले दिसते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे भांडे किती टक्के भरले आहे ते. पाणी किती आहे, हे तिच्यावरून एकदम कळत नाही.

ते कळते दवबिंदूवरून. हवा हळूहळू थंड करत गेलो, तर एका तापमानाला तिच्यातले बाष्प मावेनासे होते आणि पाण्याचे थेंब धरू लागतात. ते तापमान म्हणजे दवबिंदू. वर सांगितलेल्या मुंबईच्या दिवशी तो पहाटेही 26 आहे आणि दुपारीही 26. हवेत पाणी जास्त असेल तर दवबिंदू वर असतो, कमी असेल तर खाली.

मेच्या अखेरीला दुपारी नागपुरात तो 12 अंशांच्या आसपास असू शकतो. हा फरक डोळ्यांपुढे आणायचा तर दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी खोली घ्या. मुंबईच्या त्या दुपारी अशा खोलीतल्या हवेत साधारण पाऊण लिटरला थोडे कमी इतके पाणी बाष्परूपात असते. नागपूरच्या खोलीत पाव लिटरच्या थोडे वर. कारण भूगोलाचे आहे. मुंबईवर येणारा वारा तीस अंशांच्या आसपास तापलेल्या अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतो. नागपूरवर मे महिन्यात येणारा वारा शेकडो किलोमीटर कोरड्या, तापलेल्या जमिनीवरून आलेला असतो.

घाम वाळतो तेव्हाच उपयोगी

आता आत्याच्या त्वचेकडे येऊ. उन्हाळ्यात त्वचेचे तापमान साधारण 35 अंश असते. आपल्यापेक्षा थंड हवेला अंगातली उष्णता आपोआप देता येते, पण 34 अंशांच्या हवेला ती फारशी देता येत नाही आणि 44 अंशांची हवा तर उलट आपल्यालाच उष्णता देते. म्हणजे दोन्ही शहरांत शरीराची मदार घामावर आहे.

घाम नुसता आल्याने थंडावा मिळत नाही, तो वाळताना मिळतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता तो घेऊन जातो. तोच घाम कपाळावरून टपकून जमिनीवर पडला, तर पाणी गेले, मीठ गेले आणि गारवा काहीच मिळाला नाही. घामाघूम झालेला माणूस म्हणजे चांगला थंड होणारा माणूस, हा गैरसमज आहे. निथळणारा घाम हीच खूण की वाळण्याचा वेग कमी पडतो आहे.

घाम किती वेगाने वाळेल हे त्वचेजवळच्या बाष्पाचा दाब आणि हवेतल्या बाष्पाचा दाब यांच्यातल्या फरकावर ठरते. 35 अंशांच्या ओल्या त्वचेलगत हा दाब 56 हेक्टोपास्कल असतो. नागपूरच्या त्या हवेत तो 14, मुंबईच्या हवेत 34. म्हणजे नागपुरात घामाला 42 चा उतार मिळतो आणि मुंबईत फक्त 22 चा. मुंबईत हवेचे तापमान दहा अंशांनी कमी असूनही घाम वाळवणारे बळ निम्म्यावर आले आहे. या सबंध हिशेबात हवेचे तापमान कुठेच आले नाही, आला तो फक्त दवबिंदू.

थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा घातला, तर पाणी वाळत जाऊन तापमान उतरते. कोरड्या हवेत खूप उतरते, दमट हवेत थोडेच. नागपूरच्या 44 अंशांत ते सुमारे 23 पर्यंत उतरेल. मुंबईच्या 34 अंशांत मात्र 28 लाच थांबेल. वाळ्याचा कूलर नागपुरात खोली गार करतो आणि मुंबईत नुसती ओल वाढवतो, त्याचे कारण हेच. नागपूरकरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. जूनमध्ये पावसाचे ढग आले की तापमान 44 वरून 36 वर येते, पण दवबिंदू 12 वरून 25 वर चढतो. कूलर निकामी होतो आणि मेमध्ये न कुरकुरलेली माणसे म्हणतात, "आता सहन होत नाही बाप्पा." भारतीय हवामान विभागानेही किनाऱ्याला वेगळे माप लावले आहे. उष्णतेची लाट ठरवण्यासाठी सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश असावे लागते, किनारपट्टीवर मात्र 37.

कपडा दोन कामे करतो

कोणताही कपडा अंगावर चढला की दोन गोष्टींच्या आड येतो. एक, बाहेरची उष्णता आत येण्याच्या आणि दोन, आतले बाष्प बाहेर जाण्याच्या. पहिली आडकाठी फायद्याची असू शकते, दुसरी नेहमीच तोट्याची. कपडा निवडायचा म्हणजे आज यांपैकी कोणते पारडे जड आहे, ते पाहायचे.

नागपूरच्या मेमध्ये पहिले पारडे जड असते. हवा त्वचेपेक्षा नऊ अंशांनी गरम आहे आणि वरून ऊन भाजते आहे. उघड्या हातावरून लागणारी झळ उष्णता आत ढकलते. तिथे पूर्ण बाह्या, सैल पायजमा, कान-नाक-मान झाकणारा दुपट्टा हे सगळे भिंतीचे काम करते. बाष्पाला थोडा अडथळा होतो, पण 42 चा उतार असल्यामुळे घाम त्यातूनही सहज निघून जातो. शिवाय सुती कपडा घाम शोषतो आणि तो कपड्यातच वाळला तरी कूलरच्या ताट्यांसारखा गारवा देतो. म्हणून तिकडे दुपट्टा भिजवून डोक्याला बांधणे हा खरोखर उपाय आहे. मुंबईत तोच ओला दुपट्टा पाच मिनिटांत कोमट पोतेरे होतो.

या बाबतीत वाळवंटातला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सिनाई वाळवंटातले बेदुइन लोक कडक उन्हात काळे पायघोळ झगे का घालतात, हे तपासून अभ्यासकांनी 1980 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. काळ्या कपड्याने ऊन जास्त शोषले, पण ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोचलीच नाही. झगा ढगळ असल्यामुळे कापड आणि अंग यांच्यामधल्या पोकळीतल्या हवेने ती वाटेतच बाहेर नेली. त्वचेला मिळालेली उष्णता काळ्या आणि पांढऱ्या झग्यात सारखीच निघाली. म्हणजे रंगापेक्षा ढगळपणा महत्त्वाचा ठरला. अंगाला चिकटणाऱ्या काळ्या टी-शर्टला मात्र हा निष्कर्ष लागू होत नाही.

आता ठाण्याची संध्याकाळ. हवा त्वचेपेक्षा गरम नाही, ऊन कलले आहे, म्हणजे भिंतीची गरजच नाही. बाष्पाचा उतार मात्र जेमतेम 22 आहे आणि त्यातही आत्याच्या अंगावर कुर्ता, त्याखाली अस्तर आणि वरून दुपट्टा. प्रत्येक थराने त्या अपुऱ्या उतारातला वाटा खाल्ला. डोके आणि मान या भरपूर घाम येणाऱ्या जागा नेमक्या बंद झाल्या. तिचे कपडे चांगलेच होते, फक्त ते दुसऱ्या हवेचे होते.

दमट हवेसाठी कापड कसे निवडावे

किनाऱ्यावरची पहिली युक्ती म्हणजे थर कमी करणे. कुर्त्याचे आणि ब्लाउजचे अस्तर हा इथला मोठा गुन्हेगार आहे. वरचे कापड मलमल असले तरी आतले अस्तर बहुधा गच्च विणीचे असते, आणि कधीकधी पॉलिस्टरचेही. अस्तराशिवाय अंग दिसते ही अडचण खरी आहे. अशा वेळी फिकट पांढऱ्याऐवजी गडद किंवा छापील कापड घ्यावे, म्हणजे अस्तर टाळता येते. पुरुषांच्या बनियनचेही तेच. साधे घट्ट बनियन म्हणजे एक जादा ओला थर. जाळीचे बनियन असेल तर ते शर्टाला अंगापासून थोडे दूर धरते, त्यातून हवा खेळते आणि वाळायला जागा मिळते.

दुसरी गोष्ट विणीची. 'सुती म्हणजे थंड' हे आपण इतके घोकले आहे की जाड जीन्सही सुतीच असते, हे विसरतो. धागा कशाचा यापेक्षा कापड किती मोकळे विणले आहे, याला दमट हवेत जास्त महत्त्व आहे. दुकानात याची साधी परीक्षा करता येते. कापड तोंडाजवळ ताणून धरा आणि पलीकडे तळहात ठेवून फुंकर मारा. फुंकर तळहाताला सहज लागली तर वारा आरपार जाईल. गाल फुगवावे लागले तर ते कापड नागपूरला न्या. मलमल, व्हॉइल, हातमागाची विरळ खादी, लिनन यांतून फुंकर जाते. जीन्स, ड्रिल, गच्च साटीन यांतून ती जात नाही.

धाग्याचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. सुती धागा नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून असतो, पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्काही नाही. म्हणून थोडा घाम असेल तेव्हा सुती कपडा सुखाचा वाटतो, कारण तो त्वचेजवळचे बाष्प टिपून घेतो. पण घाम वाहू लागला की हाच गुण उलटतो. सूत पिते, फुगते, विणीची छिद्रे बुजतात, कपडा जड होऊन पाठीला चिकटतो आणि मधली हवेची पोकळी नाहीशी होते. कपडा एकदा चिकटला की घामाला वाळायला जागाच उरत नाही. खेळाडूंचे विरळ विणीचे पॉलिस्टर टी-शर्ट पाणी पीत नाहीत, पसरवतात आणि लवकर वाळतात. धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसाला म्हणूनच ते बरे पडतात. मात्र गच्च विणीच्या टेरिकॉटच्या गणवेशाला ही सवलत लागू नाही. तो पाणीही पीत नाही आणि वाराही येऊ देत नाही.

लिननला इथे मान आहे तो त्याच्या ताठपणामुळे. ते अंगावर लोळत नाही, दूर उभे राहते. सुती कपड्याला हलकी खळ करण्याच्या जुन्या रिवाजाचाही हा एक फायदा आहे. पण खळ हलकीच हवी. दाट खळीने विणीची छिद्रे भरून जातात आणि कमावलेला वारा पुन्हा हरवतो.

तिसरी गोष्ट म्हणजे कपड्याची तोंडे. सैल कपडा चालताना भात्यासारखे काम करतो. प्रत्येक पावलाला आतली दमट हवा बाहेर पडते, बाहेरची आत येते. त्यासाठी गळा आणि खालची कड दोन्ही मोकळी हवीत. वर बंद गळा आणि खाली पँटीत खोचलेला शर्ट म्हणजे भात्याची दोन्ही तोंडे शिवून टाकलेली. शर्ट बाहेर सोडला, वरचे बटण उघडले, बाह्या अर्ध्या ठेवल्या की त्याच कापडात फरक जाणवतो. पाठीवरची सॅक तर पाठीचा मोठा भाग पूर्ण बंद करते. दमट दिवसांत सामान खांद्याला अडकवलेल्या झोळीत नेलेले बरे.

आणि ऊन असेल तर? मुंबईतही दुपारी बाराला डोके भाजतेच. इथे दोन्ही अडचणी सोडवणारी वस्तू आपल्या घरात पावसाळ्यासाठी ठेवलेली असते. छत्री ऊन अडवते, पण अंगाला गुंडाळलेली नसल्यामुळे बाष्पाच्या आड येत नाही. किनाऱ्यावर उन्हापासून बचाव दुपट्ट्यापेक्षा छत्रीने करावा.

चुकले हे कसे ओळखावे

दोन हवांमध्ये चूक वेगवेगळ्या तऱ्हेने दिसते. दमट हवेत ती ओली दिसते. कपडा पाठीला चिकटतो, पट्ट्याखाली, काखेत, गळ्याच्या कडेला घामोळे उठते. सतत ओल्या राहिलेल्या त्वचेत घामाच्या नळ्या बुजतात, त्याचे हे पुरळ असते. ज्या जागी ते येते त्या जागी कपडा घट्ट किंवा दुहेरी आहे असे समजावे.

कोरड्या हवेतली चूक दिसत नाही, आणि ती जास्त फसवी असते. घाम आल्याबरोबर वाळतो, अंग कोरडे राहते आणि माणसाला वाटते आपल्याला घामच येत नाही. तो पाणी पीत नाही. संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात, तेव्हा कळते की दिवसभरात किती पाणी निघून गेले.

कपड्याला मर्यादाही आहे. दवबिंदू त्वचेच्या तापमानाच्या जितका जवळ जाईल, तितका उतार कमी होतो. ओल्या फडक्याचे तापमान तिशीपलीकडे गेले की मेहनतीचे काम करणाऱ्या धडधाकट माणसालाही कोणतेही कापड तारत नाही. तिथे काम थांबवणे, सावली आणि वारा हेच उपाय. आणि वातानुकूलित कचेरीत शिरताना उलट गंमत होते. आतला दवबिंदू एकदम खाली असतो, ओला शर्ट झपाट्याने वाळू लागतो आणि हुडहुडी भरते. अशा वेळी स्वेटर चढवण्यापेक्षा कोरडा शर्ट बदलणे शहाणपणाचे.

सकाळी कपाट उघडण्यापूर्वी

दवबिंदू पाहणे अवघड नाही. मोबाइलमधल्या हवामानाच्या पानावर आर्द्रतेच्या जवळपास तो बहुधा दिलेला असतो. नसेल तर एक तोंडी हिशेब आहे. शंभरातून आर्द्रतेची टक्केवारी वजा करा, आलेल्या आकड्याला पाचाने भागा आणि ते तापमानातून वजा करा. 34 अंश आणि 63 टक्के असेल तर 37 ला पाचाने भागून सुमारे साडेसात, म्हणजे दवबिंदू साडेसव्वीसच्या आसपास. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली असेल तर मात्र हा हिशेब चुकतो, नागपूरच्या मेला तो लावू नये.

मुलांना दाखवायचे असेल तर स्टीलचा चकचकीत पेला घ्या, त्यात साधे पाणी आणि एक थर्मामीटर ठेवा आणि बर्फाचे तुकडे एकेक करून ढवळत टाका. पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर पहिले धुके धरेल तेव्हाचे तापमान वाचा. तोच दवबिंदू. ठाण्यात दोनतीन तुकड्यांतच पेला घामेजतो. नागपुरात मेमध्ये बर्फ टाकून टाकून कंटाळा येतो.

माझा ढोबळ नियम असा आहे. दवबिंदू सोळाच्या खाली असेल तर झाकून घ्यावे, कापड सुती आणि ढगळ असले की पुरे. सोळा ते बावीसमध्ये ऊन पाहून ठरवावे. त्याच्या वर गेला की थर काढावेत, गळा मोकळा सोडावा आणि फुंकर आरपार जाणारे कापड घालावे, मग तापमान तीस असो की छत्तीस.

आत्याला मी यातले काही सांगितले नाही. बायकोने तिला आपला बिनअस्तराचा, अर्ध्या बाह्यांचा मलमलचा कुर्ता आणि हातात छत्री दिली. बाजारातून परतल्यावर आत्याने तो कुर्ता धुऊन दोरीवर टाकला. रात्री जेवणे झाल्यावर ती बाल्कनीत गेली, हात लावून पाहिला आणि म्हणाली, "टॉवेल तसाच हाय रे, पण हे तेवढं वाळलं बघ."